सुट्ट्या, सण आणि पुणे: वर्षाच्या सामायिक तक्त्याचा अनुभव

आम्ही म्युनिकला राहतो, मुलं इथल्या सरकारी शाळेत जातात. माझं माहेर आणि सासर दोन्ही पुण्यात. डिसेंबरात मी गुगल शीट्समध्ये 2026चा एक तक्ता केला आणि तो दोन्हीकडच्या मंडळींना पाठवला. आता जुलै आला, म्हणून अनुभव लिहिते.

मांडणी साधी आहे. एका तारखेला एक ओळ. पहिली तारीख टाकून खाली ओढली की वर्ष तयार. शेजारी चार रकाने: इथली शाळा, सण, पुण्याची शाळा, आणि कोण कुठे आहे. सुट्टी असेल तो चौकोन हिरवा. फोनच्या कॅलेंडरात हेच करून पाहता येतं, पण तिथे एका वेळी फार तर महिना नीट दिसतो. शिवाय आपल्याला बघायचं असतं ते हिरवे चौकोन एकाच ओळीत कुठे येतात ते.

तक्ता भरल्यावर लगेच दिसलेली गोष्ट म्हणजे ऑगस्टचा काही उपयोग नाही. बायर्नची, म्हणजे आमच्या राज्याची, उन्हाळी सुट्टी 3 ऑगस्ट ते 14 सप्टेंबर, सगळ्यात लांब, म्हणून जो तो तेव्हाच जातो. पण पुण्यात तेव्हा मावस-मामेभावंडं शाळेत, वर धो धो पाऊस. आमची मुलं दिवसभर आजोबांच्या टीव्हीसमोर. उलट फिंग्स्ट या ख्रिस्ती सणाची सुट्टी 26 मे ते 5 जून. पंचवीस तारखेचा सोमवार सणाचा, म्हणजे शनिवार 23 मे ते रविवार 7 जून सलग मोकळे. पुण्यातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्यामुळे तिकडचा रकानाही हिरवाच. उकाडा असतो, पण घर पोरांनी भरलेलं असतं. आणि आंबे!

यंदा त्यात आणखी एक योग होता. 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ. तक्त्यात हे लिहिलं तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं की अधिक महिन्यात लग्नं नसतात, म्हणजे सुट्टी कार्यालयांच्या पंगतीत जाणार नाही. आईने मात्र फोनवर वाचल्या वाचल्या विचारलं, "मग जावई धोंड्याला येणार ना?" नवरोबांना ताटात तेहतीस अनारसे आणि वर चांदीचा दिवा मिळाला. हा तक्ता एरवी त्यांना कधीच आवडला नव्हता.

निघायचं मात्र शाळा सुटल्यावरच, शुक्रवारी रात्रीच्या विमानाने. सुट्टीआधी दोन दिवस बुडवून स्वस्त तिकीट घेण्याचा मोह होतो, पण इथे शाळा सक्तीची आहे. बायर्नच्या विमानतळांवर पोलिसांनी अशी कुटुंबं अडवलेली आहेत आणि दंडही होतो. म्हणून शाळेच्या रकान्यात शेवटच्या दिवसापुढे शाळा सुटायची वेळही लिहून ठेवते.

सणांचा रकाना दरवर्षी हाताने भरावा लागतो, त्याला इलाज नाही. वाढदिवसासारखं "दरवर्षी" लावून ठेवलं तर घोळ ठरलेला. गणेश चतुर्थी 2025ला 27 ऑगस्टला होती, यंदा 14 सप्टेंबरला आहे, कारण मधे अधिक महिना आला. पुढच्या वर्षी ती 4 सप्टेंबरला. यंदा 14 तारीख सुट्टीचा शेवटचा दिवस. म्हणून आमचा गणपती दीडच दिवसाचा, विसर्जन मंगळवारी शाळेतून आल्यावर. आजोबांचं श्राद्धही तिथीने असतं, तेही याच रकान्यात.

तक्रारी दोन. फोनवर रकाने इतके बारीक होतात की सासूबाईंना अंगठ्याने सरकवताना अख्खा मार्च पुसला गेला. जुनी प्रत परत मिळाली, पण तेव्हापासून दोन्ही आज्यांना `Viewer` केलंय. त्या फोनवर सांगतात, मी भरते. दुसरं, तक्ता स्वतःहून आठवण करून देत नाही. विमानाची वेळ, व्हिसाची अपॉइंटमेंट असलं सगळं वेगळं फोनच्या कॅलेंडरातच टाकावं लागतं. आणि तिथे वाढदिवस "पूर्ण दिवस" म्हणूनच टाका. पुण्यातून कोणी रात्री बाराची वेळ घातली की आपल्याला तो आदल्या संध्याकाळी दिसतो.

आई-बाबा इकडे येतात तेव्हा शेवटचा रकाना फार कामाला येतो. शेंगेनच्या व्हिसावर 180 दिवसांत 90च दिवस राहता येतं, आणि येण्याचा-जाण्याचा दिवसही त्यात धरतात. ओळी मोजल्या की उत्तर समोर. वर्षातून दोनदा येणाऱ्यांनी तर आधीच्या मुक्कामाच्या ओळीही मोजायच्या.

2027चं पान परवाच उघडलं. चतुर्थी शनिवारी, इथली सुट्टी 13 सप्टेंबरपर्यंत, म्हणजे गौरी-गणपती पुण्यात करता येतील. पुण्याच्या शाळेचा रकाना तेव्हा हिरवा नसणार, पण गणपतीत कोण घरी बसतंय? फक्त दिरांच्या रजेचं अजून कळलेलं नाही, त्यांची ओळ पिवळी ठेवली आहे.