फी वाढीच्या कॅप्शनचा सहा महिन्यांचा अनुभव: सगळं निभावलं, एका शब्दाने मात्र घोळ घातला

मी सांगलीत घरगुती ट्यूशन घेते, आठवी ते दहावी, गणित-विज्ञान, बेचाळीस मुलं. फी वाढीची पोस्ट कशी टाकायची हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीतच असतं, तेच ते हात जोडलेलं चित्र आणि खाली "पालकांनी सहकार्य करावे", त्यामुळे ते सगळं परत सांगत नाही. जूनमध्ये टाकलेलं कॅप्शन डिसेंबरपर्यंत वापरून काय झालं ते लिहिते, कारण काल एक आई फोनवर जुना स्क्रीनशॉट उघडून माझ्या दारात उभी होती.

पहिलं कॅप्शन 14 जूनला पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, शाळा सोमवारी सुरू होणार होत्या त्याच्या आदल्या शनिवारी. आता वाटतं याहून वाईट दिवस शोधूनही सापडला नसता. घराघरात वह्या, दप्तर, युनिफॉर्म, शाळेची फी सगळं नुकतंच भरून झालेलं आणि त्यात माझं हे. फ्लेक्सवाल्या पोराकडून 300 रुपये देऊन एक इमेज करून घेतली होती, त्यावर भलं मोठं "मासिक फी ₹950/- फक्त". आधी 800 होती. आणि जे खरं सांगायचं होतं, म्हणजे जुन्या मुलांना लगेच वाढ नाही, ते खाली कॅप्शनमध्ये. ते कॅप्शनही सतरा ओळींचं, सुरुवातीच्या चार ओळी नुसत्या नमस्काराच्या आणि दहावीच्या निकालाच्या, सवलत पार खाली, "आणखी वाचा" दाबल्याशिवाय दिसणारच नाही अशा जागी.

झालं काय, एका काकूंनी इमेज गॅलरीत घेतली आणि तिथून कॉलनीच्या ग्रुपवर टाकली. गॅलरीतून टाकलं की कॅप्शन बरोबर जात नाही, नुसती इमेज जाते. म्हणजे लोकांना दिसलं 950, तेही "फक्त". एका आईने मला विचारलं, "फक्त तुम्हाला वाटतंय ना मॅडम?" बोलायला तोंडच नव्हतं. मेसेज एडिट करायला गेले तर पंधरा मिनिटं कधीच उलटून गेलेली, आणि वेळेत गेले असते तरी कॅप्शनच बदललं असतं, इमेजवरचा आकडा थोडाच बदलतो. 300 रुपये गेले ते गेलेच.

सोमवारी दुसरं टाकलं, बिन-इमेजचं, आणि ग्रुपवर नाही तर ब्रॉडकास्टने, म्हणजे उत्तर आलं तर फक्त मला येतं, बाकीच्यांसमोर तमाशा नाही. ब्रॉडकास्टची एक खोड आहे, ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना मेसेज पोचतच नाही. सहा पालकांना पोचलाच नव्हता, त्यांना एकेक करून पाठवला. मजकूर असा होता:

"नमस्कार. फी दरमहा ₹800 वरून ₹950 होत आहे.
नवीन मुलांना जूनपासून. जुन्या मुलांना दिवाळीपर्यंत ₹800 च.
दोन वर्षांनी वाढ करतेय. जागेचं भाडं आणि विज्ञानाच्या सरांचं मानधन वाढलंय.
दोन भावंडं असतील तर एकाला ₹800 च राहील.
जमत नसेल तर मला फोन करा, मार्ग काढू."

हे चाललं. बारा-तेरा जणांनी नुसता अंगठा दाखवला, चौघांचे फोन आले, दोन मुलं सोडून गेली पण त्यातलं एक घर बदललं म्हणून, आणि लगेच दोन नवीन आलीही. सगळ्यात जास्त काम शेवटच्या ओळीने केलं. फोन करणाऱ्या चौघांपैकी फी कमी करा म्हणणारा एकच, बाकी तिघांना पाच तारखेऐवजी पगार झाल्यावर दहाला फी द्यायची होती. फोनची सोय नसती तर हेच तिघं दुसरीकडे "फार वाढवली" म्हणून बोलत बसले असते.

कारण द्यावं की नाही यावर माझं मत मधेच बदललं. आधी वाटायचं कारण दिलं की लोक समजून घेतात. मग एका बाबांनी, बँकेत आहेत ते, गणित मांडून पाठवलं: बेचाळीस गुणिले दीडशे म्हणजे 6,300, भाडं आणि सर मिळून वाढ 4,000, मग बाकीचे कुठे गेले मॅडम? जुलैभर मी म्हणत होते की पुढच्या वेळी कारणच द्यायचं नाही. पण शांतपणे वही काढली. भाडं बारा महिने द्यावं लागतं, 2,000 ने वाढलं म्हणजे 24,000. सरांना दहा महिने, तिथे 20,000. एकूण 44,000. आणि येणार किती? नवीन बारा मुलांचे दहा महिने, 18,000. जुनी तीस, त्यातली पाच भावंडांच्या सवलतीत, उरलेली पंचवीस, तीही नोव्हेंबर ते मार्च पाचच महिने वाढीव देणार, 18,750. म्हणजे 36,750. या वर्षी मलाच सव्वासात हजारांचा खड्डा. हा हिशोब त्यांना पाठवला तर उत्तर आलं, "ओके मॅडम, चालू ठेवा." तेव्हापासून माझं मत असं की कारण द्यावं, पण हिशोब आधी स्वतः मांडून ठेवावा, कॅप्शनमध्ये घालू नये, कोणी विचारलं तरच काढावा.

आता त्या शब्दाकडे येते. "दिवाळीपर्यंत". लिहिताना किती गोड वाटला होता, घरच्यासारखा. नोव्हेंबरपासून असं लिहिलं असतं तर रुक्ष वाटेल म्हणून मी मुद्दाम दिवाळी घातली. यंदा, म्हणजे 2025 मध्ये, लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं. माझ्या डोक्यात हिशोब साधा, ऑक्टोबरची फी जुनी, नोव्हेंबरची नवीन. पण ज्यांनी ऑक्टोबरची फी उशिरा, भाऊबीज झाल्यावर दिली त्यांनाच शंका, दिवाळी तर झाली, आता 950 द्यायचे का? दोघांनी बिचाऱ्यांनी 950 पाठवलेही, मी दीडशे परत केले. दुसरीकडे एक आजोबा म्हणाले, आमच्याकडे दिवाळी तुळशीच्या लग्नापर्यंत असते. आता तुळशीची लग्नं चालतात त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत, आणि ती यंदा आली बरोबर 5 नोव्हेंबरला, म्हणजे माझ्या फीच्याच तारखेला! काय बोलणार, शास्त्राप्रमाणे त्यांचंच बरोबर. नोव्हेंबरमध्ये सात जणांनी 800 च दिले. पाच जणांना समजावलं तर त्यांनी उरलेले पाठवून दिले. आजोबांना मी सोडून दिलं, दीडशे रुपयांसाठी पंचांग काढून कोण बसणार.

बाकी राहिली ती कालची आई. सहा महिने जपून ठेवलेला स्क्रीनशॉट, त्यात "दिवाळीपर्यंत ₹800 च" याला पिवळी रेघ मारलेली. म्हणजे लोक नीट वाचतात हो, आपणच ढिसाळ लिहितो. इतकं चांगलं वठलेलं कॅप्शन, पण "ऑक्टोबरची फी ₹800, नोव्हेंबरच्या फीपासून ₹950" एवढं लिहायला मला काय झालं होतं देव जाणे. पुढची वाढ जेव्हा होईल तेव्हा एप्रिलमध्येच सांगणार, वार्षिक परीक्षेच्या आत, म्हणजे ज्यांना दुसरीकडे चौकशी करायची ती करतील, आणि त्यात एकही सण येणार नाही.

त्या आईशी भांडण नाही झालं. मी म्हटलं, चूक माझ्या लिहिण्यातली आहे, तुम्हाला योग्य वाटेल ते द्या. संध्याकाळी त्यांनी नोव्हेंबरचे राहिलेले म्हणून 75 रुपये पाठवले, सोबत मेसेज: "अर्धी दिवाळी तुमची, अर्धी आमची."