ब्लॉकर आताच की थोडं थांबून? ट्रान्स मुलीच्या घरच्यांसाठी तुलना

समजा, जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली बारा वर्षांची ट्रान्स मुलगी आहे. ती कित्येक वर्षं स्वतःला मुलगीच म्हणते आणि आवाज फुटण्याच्या विचारानंच घाबरते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की ती नुकतीच वयात येऊ लागली आहे. वयात येण्याचे टप्पे डॉक्टर टॅनर आकड्यांनी सांगतात, त्यातली ही टॅनर 2 ची अवस्था. घरच्यांपुढे दोन पर्याय आहेत: वयात येणं थांबवणाऱ्या औषधाचं, म्हणजे ब्लॉकरचं, इंजेक्शन लगेच सुरू करायचं किंवा टॅनर 3 पर्यंत थांबायचं.

ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिन या ब्लॉकरचं इंजेक्शन साधारण एक किंवा तीन महिन्यांनी देतात. त्यामुळे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला सतत संदेश मिळत राहिला की ती दाद देईनाशी होते आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बनणं जवळजवळ थांबतं. पहिले काही दिवस ते उलट थोडं वाढतं, तेव्हा घाबरू नका.

लगेच सुरू केलं तर आवाज, दाढी, जबड्याची ठेवण वाचते. मोल द्यावं लागतं ते पुढच्या अपत्याच्या शक्यतेचं. या अवस्थेत शुक्राणू तयार झालेले नसल्यानं साठवता येत नाहीत, आणि पुढे थेट इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन सुरू झालं तर ते बहुधा कधीच तयार होत नाहीत. नंतर योनी तयार करण्याची शस्त्रक्रिया करायची झाली तर त्यासाठी लागणारी लिंगाची त्वचाही कमी पडते.

थांबलं तर शुक्राणू साठवण्याची संधी मिळू शकते. पण तो नमुना देणं या मुलीला फार जड जाऊ शकतं, आणि तेवढ्या काळात आवाज फुटला तर ब्लॉकरनं तो पूर्ववत होत नाही. म्हणून थांबायचं तर दर काही महिन्यांनी तपासणी हवीच.

औषध बंद केलं की काही महिन्यांत वयात येणं पुन्हा सुरू होतं. हाडांचं तसं नाही. बरोबरीच्या मुलांची हाडं भरत असतात, हिची मागे राहतात. इस्ट्रोजेननंतर घनता वाढते, पण ट्रान्स मुलींमध्ये ती पूर्ण भरून येईलच असं नाही. सुरुवातीआधी आणि नंतर ठरावीक काळानं हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन, शिवाय ड जीवनसत्त्वाची तपासणी मागून घ्या.

ब्लॉकर घेणारी बहुतेक मुलं पुढे हार्मोन घेतात. त्यामुळे अपत्याचं बोलणं पहिल्या इंजेक्शनच्या आधी व्हायला हवं, इस्ट्रोजेनच्या वेळी नव्हे. डॉक्टरांमध्येही मतभेद आहेत. ट्रान्स आरोग्यावर काम करणाऱ्या डब्ल्यूपॅथ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना योग्य तपासणीनंतर हा उपचार मान्य करतात, तर अशा मुलांच्या उपचारांचा आढावा घेणाऱ्या ब्रिटनच्या 2024 च्या कॅस अहवालाला पुरावा कमकुवत वाटला आणि तिथे या कारणासाठी तो नेहमीच्या उपचारातून काढला गेला.

माझं मत विचाराल तर, आवाजाची भीती खाणं-झोप उडवत असेल आणि अपत्याचा मुद्दा मुलीला तिच्या भाषेत सांगता येत असेल, तर लगेच सुरू करणं पटतं. ती 'माहीत नाही' म्हणत असेल आणि तपासणी वेळेवर होणार असेल, तर थांबणं बरं. हे तिला आई-वडील खोलीत नसताना डॉक्टरांनी एकदा विचारायला हवं.