शैक्षणिक कर्जाचं व्याज: शिकतानाच भरावं की हप्ता सुरू झाल्यावर?

शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट देणारं कलम ८०ई ऐकून माहीत असलेल्यांना एवढं ठाऊक असतंच की वजावट फक्त व्याजाची मिळते, मुद्दलाची नाही, आणि तिला रकमेची कमाल मर्यादा नाही. मर्यादा आहे ती वर्षांची. ज्या वर्षी तुम्ही व्याज भरायला सुरुवात केली ते वर्ष आणि त्यापुढची सात, अशी एकूण आठ. व्याज त्याआधीच फिटलं तर वजावटही तिथेच संपते. त्या आठ वर्षांत तुम्हाला कर लागत होता की नाही, वजावट तुम्ही मागितली की नाही, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. मोजणी सुरू झाली की थांबत नाही.

म्हणूनच नवीन पदवीधर विचारतात, की मोरेटोरियममध्ये, म्हणजे शिक्षण आणि त्यानंतरच्या साधारण वर्षभराच्या सवलतीच्या काळात, व्याज भरत राहावं की नोकरी लागून ईएमआय सुरू होईपर्यंत थांबावं? मी भरण्याचा रस्ता घेतला, माझ्या रूममेटने थांबण्याचा. त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

त्याचा हिशेब कराच्या बाजूने सरळ होता. समजा २०२४ च्या जूनमध्ये कर्ज घेतलं आणि विद्यार्थ्याने त्याच आर्थिक वर्षात स्टायपेंडमधून थोडं व्याज भरलं. आठ वर्षं २०२४-२५ पासून धरली जातात आणि २०३१-३२ ला संपतात. त्यातली पहिली दोन बिनपगारी, म्हणजे वाया. तोच विद्यार्थी थांबला आणि त्याने २०२७-२८ मध्ये पहिला हप्ता भरला, तर वजावट २०३४-३५ पर्यंत पुरते, आणि ती सगळी कमाईची वर्षं असतात. शिवाय हप्त्यात व्याजाचा वाटा सुरुवातीला जास्त असतो, म्हणजे जड वर्षं बरोबर या आठांत बसतात. कागदावर हे फार सुंदर दिसतं.

आता दुसरी बाजू. दोन वर्षांच्या एमबीएसाठी दर वर्षी १० लाख, असे २० लाख १० टक्क्यांनी घेतले असं धरू. मोरेटोरियम तीन वर्षांचा. या काळात बँका सहसा सरळव्याज लावतात: पहिल्या १० लाखांवर तीन वर्षांचं ३ लाख, दुसऱ्यांवर दोन वर्षांचं २ लाख. हे ५ लाख वेळच्या वेळी भरले तर ईएमआय २० लाखांवर बसतो, दहा वर्षांसाठी महिना सुमारे २६,४३०. न भरले तर ते मुद्दलात मिळवले जातात आणि २५ लाखांवर हप्ता सुमारे ३३,०४० होतो. फरक महिन्याला ६,६०० च्या आसपास, दहा वर्षांत जवळजवळ ७ लाख ९० हजार. म्हणजे आज न भरलेले ५ लाख पुढे आठ लाखांच्या घरात जातात. काही बँका मोरेटोरियममध्ये नियमित व्याज भरणाऱ्याला दरात १ टक्का सूटही देतात. मंजुरीपत्रात ती ओळ शोधून ठेवावी.

पण माझा निर्णय या आकड्यांवर झाला नाही. मला खटकलं ते बँकेचं व्याज प्रमाणपत्र. वजावट मिळते ती त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेल्या व्याजाची, खात्यावर नुसत्या लागलेल्या व्याजाची नाही. साठलेलं व्याज मुद्दलात मिळवलं की बँकेच्या लेखी ते मुद्दल झालं. पुढे हप्त्यातून तुम्ही ते फेडता तेव्हा ते मुद्दलाच्या रकान्यात पडतं. रूममेटने पहिल्या हप्त्याच्या वर्षाचं प्रमाणपत्र उघडलं तेव्हा साठलेली सगळी रक्कम व्याजाच्या रकान्यातून नाहीशी होती. बँकेत विचारलं तर उत्तर मिळालं, "सर, ते कॅपिटलाइज झालं." वजावटीसाठी थांबायचं आणि थांबण्यामुळेच मोठ्या रकमेवरची वजावट गमवायची, हे मला काही केल्या पटेना.

आमच्या घरी वाट निघाली ती सहकर्जदारातून. कर्जावर बाबांचंही नाव होतं. मोरेटोरियममधलं व्याज बाबांनी त्यांच्या पगाराच्या खात्यातून भरलं आणि जुन्या करप्रणालीत वजावट त्यांनीच घेतली. मुलांच्या किंवा जोडीदाराच्या शिक्षणासाठी स्वतः घेतलेलं कर्ज चालतं, पण भावाबहिणीसाठी घेतलेलं नाही, हे इथे लक्षात ठेवायला हवं. आणि कागदावर बाबांचं नाव नसतं तर त्यांनी भरूनही त्यांना काही मिळालं नसतं. कलमात वर्षं मोजली जातात ती व्याज भरणाऱ्या करदात्याची, म्हणून माझी आठ वर्षं मी भरायला लागलो तेव्हापासून सुरू झाली. आमच्या सीएंनीही तोच अर्थ लावला. त्यासाठी मी स्वतःच्या खात्यातून तोवर एक रुपयाही जाऊ दिला नाही.

थांबण्याच्या बाजूचा उरलेला युक्तिवाद आजच्या करदरांनी बराच पातळ केला आहे. नव्या करप्रणालीत ८०ई मिळतच नाही. २०२५-२६ पासून त्या प्रणालीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर शून्य आहे, म्हणजे बहुतेकांच्या पहिल्या नोकरीत ही वजावट असून नसल्यासारखी. पगार १६ लाख असेल तर जुनी प्रणाली बरोबरीला यायलाच प्रमाणित वजावट सोडून सुमारे ५ लाख ७० हजारांच्या वजावटी लागतात. वरच्या उदाहरणात २५ लाखांवरचं पहिल्या वर्षाचं व्याज २ लाख ४३ हजारांच्या आसपास. त्यात ८०सीचे दीड लाख आणि आरोग्य विम्याचे २५ हजार घातले तरी दीड लाख कमी पडतात. पुण्या-मुंबईत भाड्याने राहणारा घरभाड्याच्या सवलतीतून ते भरून काढेल. घरी राहणाऱ्याला ते अवघड. पुढच्या वर्षी व्याज कमी होतं, पगार वाढतो आणि तूट आणखी रुंदावते. अशा वजावटीसाठी तीन वर्षं व्याज साठू द्यावं असं मला तरी वाटत नाही.

मात्र वडिलांवर आधीच गृहकर्ज असेल आणि दुसऱ्या वर्षी महिना सोळा-सतरा हजार निघणं शक्य नसेल, तर थांबण्याला पर्याय नाही. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत कर्ज बसत असेल, तर मोरेटोरियमचं व्याज सरकार भरतं. तिथे थांबणंच शहाणपणाचं.

थांबलेल्यांसाठी एक मधली वाट आहे. मोरेटोरियम संपायच्या आधी, व्याज मुद्दलात मिळवलं जाण्यापूर्वी, साठलेल्यातलं जमेल तेवढं भरून टाकायचं. ते भरलेलं व्याजच असतं आणि रकमेला मर्यादा नसल्याने सगळं त्याच वर्षी वजा होतं. नुसता पगार असलेल्याला दर वर्षी प्रणाली बदलता येते, तेव्हा त्या एका वर्षापुरती जुनी निवडून विवरणपत्र मुदतीत भरायचं. बँकेला मात्र लेखी कळवावं की ही रक्कम व्याजात जमा करा. नाहीतर ती मुद्दलात टाकली जाऊ शकते आणि मार्चनंतर ते दुरुस्त करून घेणं कठीण जातं.

कर्ज कोणाचं, हेही सही करण्यापूर्वीच बघावं. बँक चालते. वित्तकंपनी असेल तर ती या कलमासाठी सरकारने अधिसूचित केलेली आहे का, ते लेखी मागावं. मामाकडून किंवा कंपनीकडून उसने घेतलेले पैसे, त्यावर व्याज देत असलात तरी, यात येत नाहीत. बारावीनंतरचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम चालतो आणि परदेशातल्या शिक्षणालाही आडकाठी नाही. वैयक्तिक कर्ज काढून फी भरली असेल, तर ते शिक्षणासाठीच घेतलं होतं हे सिद्ध करत बसावं लागेल. मी तरी त्या वाटेला जाणार नाही.