उचल घ्यावी कुणाकडून: कंपनीकडून की ॲपवरून?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत माझा मावसभाऊ मोल्डिंगला आहे. पोरीच्या ॲडमिशनला ३०,००० हवे होते. ऑफिसातून उचल घेतली तर हातात पूर्ण ३०,००० आणि पगारातून ५,००० चे सहा हप्ते. सहा पाचे तीस, विषय संपला. फक्त मालकापुढं उभं राहायचं, ते त्याला जड जातं.

दुसरीकडं ॲप. तिथंही ५,००० चे सहाच हप्ते, वर ठळक अक्षरात ‘शून्य व्याज’. पण प्रोसेसिंग फी ९०० आधीच कापून खात्यात २९,१०० येणार. तो म्हणाला, “तीनच टक्के की रं भावा!”

तीन नव्हेत. पहिल्या हप्त्यानंतरच पैसे परत जायला लागतात, म्हणजे सहा महिन्यांत सरासरी साडेसतरा हजारांच्या आतच रक्कम त्याच्याकडं राहते. तेवढ्यावर सहा महिन्यांत ९०० म्हणजे वर्षाला साधारण साडेदहा टक्के. फीवर जीएसटी लागला तर आणखी वर.

मी त्याला पगाराच्या स्लिपमागंच लिहून दिलं: हातात किती आले, एकूण कापणार किती. दोन आकड्यांत जो फरक, ते व्याज. नाव काहीही असो. ऑफिसची उचल घेतलीस तरी प्रत्येक स्लिपवर शिल्लक बघ, सातवा हप्ता चुकून कापला जातो.