दम हृदयाचा की फुफ्फुसांचा? रात्री अडीच वाजता कानाने ठरवताना

डिसेंबरातली रात्र होती. मुळशीकडच्या गावाहून कोथरूडला लेकीकडे आलेल्या ६६ वर्षांच्या आजी झोपेतून धाप लागून उठल्या. खिडकी उघडून गार वाऱ्यात बसल्या, तरी बरं वाटेना. चाळीसेक वर्षं चुलीपुढे गेलेली, त्यामुळे खोकला जुना. गावात कुणी "दमा" म्हणून पंप दिला होता, तो पिशवीत होताच. कॅज्युअल्टीत आणलं तेव्हा ऑक्सिजन ८९ टक्के, नाडी १२० च्या आसपास आणि अनियमित, रक्तदाब १७०/१००. रेसिडेंटने केसपेपरवर लिहिलं होतं: दोन्ही बाजूंना रॉन्काय, खाली क्रेप्स. मला फोन करून तो म्हणाला, "मॅडम, दोनदा नेब्युलायझेशन दिलं, घरघर तशीच आहे. तिसरं देऊ, की फ्युरोसेमाइड?"

प्रश्न नेमका हाच असतो. एका बाजूला सीओपीडी बळावलेला, दुसऱ्या बाजूला डावं हृदय थकून फुफ्फुसांत पाणी उतरलेलं. दोन्हींत धाप, दोन्हींत घरघर, दोन्हींत क्रेप्स. हृदयाच्या रुग्णाला वाफेमागून वाफ दिली तर साल्ब्युटामॉलने आधीच धावणारी नाडी आणखी धावते, आणि स्टेरॉइड मीठ-पाणी धरून ठेवतं. फुफ्फुसांच्या रुग्णाला लघवीचं इंजेक्शन दिलं तर रक्तदाब घसरतो आणि मूळ अडचण जागच्या जागी राहते. ज्यांना रात्री एकट्याने हा निर्णय घ्यावा लागतो, त्यांच्यासाठी मी या दोन आजारांचे आवाज शेजारी-शेजारी ठेवते आहे.

शिट्टीला मत देऊ नका

सुरुवात घरघरीपासून करते, कारण फसवणूक तिथेच होते. अरुंद झालेल्या श्वासनलिकेच्या भिंती हवेच्या झोताने थरथरतात आणि शिट्टी वाजते. भिंत कशाने अरुंद झाली, हे त्या थरथरीत ऐकू येत नाही. सीओपीडीत सूज आणि कफ असतो. हृदय थकलेल्या माणसात श्वासनलिकेचं अस्तर आणि तिच्याभोवतीची जागा पाण्याने फुगते. याला जुने डॉक्टर "कार्डिॲक अस्थमा" म्हणत. नाव दम्याचं, दुखणं हृदयाचं. दोन्हीकडे शिट्टी श्वास सोडताना जास्त, दोन्हीकडे वेगवेगळ्या सुरांची. म्हणून या एका प्रश्नापुरती मी शिट्टी तराजूतून काढूनच टाकते.

तिच्या मोठेपणावरूनही आजाराची तीव्रता ठरवू नये. जोरात शिट्टी वाजते आहे म्हणजे निदान हवा तरी हलते आहे. धापही तेवढीच, रुग्ण गुंगीत चाललेला आणि छाती मात्र शांत झाली, तर ती शांतता सगळ्यांत वाईट. आणि शिट्टी एकाच जागी, एकाच सुरात, खोकूनही न बदलता येत असेल, तर तिथे नळीत काही अडकलं आहे किंवा गाठ आहे का, हे पाहावं लागतं. ती वाट वेगळी.

क्रेप्स कधी येतात, ते ऐका

"क्रेप्स आहेत" एवढं लिहून काहीच ठरत नाही. श्वासाच्या कुठल्या टप्प्यावर येतात, ते लिहायला हवं. त्यासाठी मी एक हात रुग्णाच्या पोटावर ठेवते आणि तोंड उघडं ठेवून नेहमीपेक्षा थोडा खोल श्वास घ्यायला सांगते. पोट वर यायला लागलं की श्वास सुरू झाला. आता तडतड लगेच आली, की श्वास अर्ध्यावर गेल्यानंतर?

सीओपीडीतली तडतड श्वासाच्या अगदी सुरुवातीला येते. संख्येने थोडी, जाडसर, आणि अर्ध्या श्वासाच्या आत संपते. ती मोठ्या नळ्यांतून येत असल्यामुळे रुग्णाच्या उघड्या तोंडाजवळ कान नेला तरी कधीकधी ऐकू येते. पाणी उतरलेल्या फुफ्फुसात खालच्या भागातले बारीक मार्ग दाबले गेलेले असतात. पुरेशी हवा आत गेल्यावरच ते एकेक करून उघडतात, म्हणून तडतड श्वासाच्या मधल्या-शेवटच्या भागात येते आणि श्वास पूर्ण होईपर्यंत टिकते. ती दोन्ही बाजूंना तळाशी असते, आणि पाणी वाढेल तशी पाठीवर वर चढते.

यानंतर रुग्णाला दोनदा नीट खोकायला सांगायचं आणि त्याच जागी पुन्हा ऐकायचं. कफाची तडतड खोकल्याने जागा बदलते किंवा नाहीशी होते. पाण्याची तशीच राहते. या पायरीला अर्धं मिनिटही लागत नाही, आणि घाईच्या वेळी हीच सर्वांत आधी गाळली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

आजींच्या पाठीवर दोन प्रकारची तडतड होती. सुरुवातीची जाडसर काही, ती खोकल्यावर कमी झाली. आणि उशिराची, खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकापर्यंत दोन्हीकडे, जी खोकूनही हलली नाही.

आपल्या शहरापुरता एक तिसरा उमेदवार इथे सांगून ठेवते. कबुतरांना रोज दाणे घालणाऱ्या किंवा बाल्कनीत कबुतरांची विष्ठा साफ करणाऱ्या माणसाच्या तळाशी अगदी बारीक, वेल्क्रो उघडल्यासारखी तडतड येत असेल आणि श्वासाच्या शेवटी बारीकशी 'चीं' ऐकू येत असेल, तर ते पाणी नसून फुफ्फुसाची ॲलर्जिक सूज असू शकते. तिथे लघवीच्या गोळ्या चालू ठेवून महिने वाया जातात. पण ती धाप अशी एका रात्रीत झोपेतून उठवत नाही, आठवडे-महिने चढत जाते.

आता हृदय, आणि इथे घाई नको

छाती वाजत असताना हृदय ऐकणं कठीण. सीओपीडीत फुगलेलं फुफ्फुस हृदयावर पसरतं, त्यामुळे आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. अशा वेळी उरोस्थीच्या टोकाखाली, पोटाच्या वरच्या खळग्यात स्टेथो ठेवला की ते स्पष्ट होतात. खरं तर, हृदय इथेच जास्त चांगलं ऐकू येणं हासुद्धा फुफ्फुस फुगल्याचा पुरावा.

डाव्या हृदयाच्या बाजूने सर्वांत वजनदार साक्ष तिसऱ्या ध्वनीची, म्हणजे एस थ्रीची. 'लब-डब' नंतर लगेच येणारा एक खोल, मऊ ठोका. तो इतका खालच्या सुराचा असतो की डायफ्रामने निसटतो. बेल एपेक्सवर अलगद टेकवायची, रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचं, श्वास सोडून क्षणभर थांबायला सांगायचं. बेल दाबली की खालची त्वचा ताणून पडद्यासारखी होते आणि ध्वनी गायब होतो. शंका असेल तेव्हा हीच युक्ती उलटी वापरावी: अलगद ठेवल्यावर येतो, दाबल्यावर जातो, म्हणजे तो खरा. चाळिशीपुढच्या, धाप लागलेल्या माणसात एस थ्री मिळाला तर हृदय थकल्याची शक्यता बरीच वाढते. पण तो न मिळणं काहीच सिद्ध करत नाही, कारण हृदय थकलेल्या बऱ्याच रुग्णांत तो ऐकूच येत नाही. आजींना आडवं होणं शक्य नव्हतं. बसल्या बसल्या डावीकडे झुकवून ऐकलं, पण १२० च्या अनियमित नाडीत एस थ्री आहे असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकले नसते.

मर्मर मात्र होता. एपेक्सवर, पहिल्या ध्वनीपासून दुसऱ्यापर्यंत सलग, फुंकर घातल्यासारखा, काखेकडे जाणारा. इथे दोन आवाजांची तुलना करावी लागते. जुन्या सीओपीडीत उजवं हृदय ताणलं की उजवी, म्हणजे ट्रायकस्पिड झडप गळते. मानेची शीर फुगते, पाय सुजतात, आणि सलग मर्मरही येतो. म्हणजे सुजलेले पाय बघून "हृदयच" म्हणता येत नाही. फरक श्वासाने पडतो. श्वास आत घेताना उजवीकडे रक्त जास्त येतं, म्हणून ट्रायकस्पिडचा मर्मर वाढतो आणि उरोस्थीच्या डाव्या खालच्या कडेला ठळक असतो. मायट्रलचा वाढत नाही, आणि काखेत जातो.

नाडी अनियमित असण्याचा इथे फायदाही झाला. दोन ठोक्यांत मोठी फट पडली की पुढच्या ठोक्याकडे कान द्यायचा. महाधमनीची झडप अरुंद असेल तर त्या ठोक्याला मर्मर मोठा होतो, मायट्रल गळत असेल तर जवळपास तेवढाच राहतो. आजींचा तेवढाच राहिला.

निर्णय

उशिराचे, न हलणारे क्रेप्स, दोन्ही तळांना. काखेत जाणारा, श्वासाने न बदलणारा मर्मर. झोपेतून उठवणारी धाप, चढलेला रक्तदाब. एस थ्रीवाचूनही पारडं झुकलं होतं. मी रेसिडेंटला म्हटलं, "तिसरं नेब्युलायझेशन थांबव. शिरेतून फ्युरोसेमाइड दे, नायट्रोग्लिसरीन चालू कर, ईसीजी काढ." जुना सीओपीडी असण्याची शक्यता होती, म्हणून ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांत ठेवायला सांगितला. एक्स-रे आणि रक्ततपासणी मागवली. जवळ सोनोग्राफीचा प्रोब आणि वापरता येणारा माणूस असेल तर छातीत पाणी शोधायला तो कानापेक्षा सरस आहे. त्या रात्री आमच्याकडे तो मोकळा नव्हता.

दोन तासांत भरपूर लघवी झाली. उशिराचे क्रेप्स पात्याखालून तळापर्यंत उतरले, घरघर जवळजवळ गेली. नाडी ९० वर आली, आजी डाव्या कुशीवर वळू शकल्या, आणि तेव्हा बेलखाली एस थ्री स्पष्ट आला. मी रेसिडेंटच्या कानात स्टेथो दिला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "आहे, मॅडम. दाबलं की जातो."

एक खबरदारी त्याला तिथेच सांगितली. मायट्रल झडप बरीच गळत असेल तर डाव्या कप्प्यात एकदम जास्त रक्त कोसळतं, आणि हृदयाचा स्नायू चांगला असूनही एस थ्री येऊ शकतो. म्हणून त्यावरून पंपिंग किती उरलं हे ठरवायचं नाही, ते इको सांगतो. सकाळच्या इकोत पंपिंग ३५ टक्के निघालं, मायट्रल मध्यम ते जास्त गळत होती.

श्वासाच्या सुरुवातीची जाडसर तडतड मात्र डिस्चार्जच्या दिवशीही होती. खोकल्यावर कमी होणारी, दीर्घ सुटणाऱ्या श्वासाबरोबरची. सहा आठवड्यांनी, अंगात पाणी नसताना स्पायरोमेट्री केली, तेव्हा अडथळा दिसला आणि पंप दिल्यावरही तो पुरता सुटला नाही. चुलीच्या धुराचा सीओपीडी खराच होता. आजींच्या पिशवीत आता दोन्हींची औषधं आहेत, आणि लेकीने गावाकडच्या घरी गॅस बसवला आहे.