शीटमधून थेट लिंक्डइनवर भरतीच्या पोस्ट : काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचं काम चाकण-रांजणगाव पट्ट्यातल्या कारखान्यांना माणसं मिळवून देण्याचं. जागा निघाली की ती गुगल शीटमध्ये चढते : पद, ठिकाण, अनुभव, शिफ्ट, पगार, अंतिम तारीख, स्थिती. पूर्वी हीच माहिती कुणीतरी पुन्हा टाइप करून कंपनीच्या लिंक्डइन पेजवर टाकायचं. आता शीटला जोडलेली ॲप्स स्क्रिप्ट रोज सकाळी ‘तयार’ स्थितीतल्या ओळी उचलते, ठरलेल्या साच्यात बसवते, पोस्ट करते आणि स्थिती ‘प्रकाशित’ करते. वेळ मात्र मिनिटाच्या हिशेबाने पाळली जात नाही. नऊचा ट्रिगर लावला तर नऊ ते दहाच्या मध्ये कधीही चालतो. आम्हाला त्याने काही फरक पडत नाही.

खरी डोकेदुखी आहे मजकुराची. अनुभवाच्या रकान्यात ‘2-4’ लिहिलं की शीट त्याची तारीख करून टाकते, 2 एप्रिल. स्क्रिप्टने `getValues()` वापरलं असेल तर पोस्टमध्ये दोन ते चार वर्षांऐवजी वार, महिना, वेळ अशी लांबलचक इंग्रजी ओळ येते. तो रकाना आधीच ‘प्लेन टेक्स्ट’ करून ठेवायचा, हा त्यावर साधा उपाय. नंतर फॉरमॅट बदलून जुन्या ओळी सुधारत नाहीत, त्या पुन्हा टाइप कराव्या लागतात.

कंसांचं प्रकरण त्याहून बेरकी. ‘सीएनसी ऑपरेटर (फॅनुक कंट्रोल), चाकण, 2-4 वर्षे, तीन शिफ्ट’ अशी पोस्ट पाठवली तर पेजवर फक्त ‘सीएनसी ऑपरेटर’ एवढंच दिसू शकतं. लिंक्डइनच्या पोस्ट एपीआयमध्ये कंस, `@`, `_`, `*`, `|` वगैरे चिन्हं राखीव आहेत. त्यांच्या आधी उलटी तिरकी रेघ दिली नाही तर मजकूर तिथेच तुटतो. आणि उत्तर येतं 201, म्हणजे पोस्ट झाली! शीटमध्ये ‘प्रकाशित’, एरर कुठेच नाही, फक्त अर्ज येत नाहीत. भरतीच्या जाहिरातीत कंस आणि ईमेल पत्ते पावलोपावली असतात, म्हणून स्क्रिप्टमध्ये ही ओळ हवीच :

```
const safe = text.replace(/[\\|{}@\[\]()<>*_~]/g, '\\$&');
```

यात `#` मुद्दाम घेतलेला नाही, नाहीतर हॅशटॅग हॅशटॅग राहणार नाहीत. पद ‘C#’ डेव्हलपरचं असेल तर तेवढं वेगळं बघावं लागतं, पण आमच्याकडे तशा जागा नसतात.

परवानगीचंही एक चक्र आहे. पेजवर पोस्ट करायला `w_organization_social` ही परवानगी लागते आणि ती देणारी व्यक्ती पेजवर योग्य भूमिकेत, म्हणजे ॲडमिन वगैरे, असावी लागते. त्या परवानगीचं टोकन 60 दिवस चालतं. ते संपलं की 401 येतो, म्हणजे लिंक्डइन पोस्ट घेत नाही. स्क्रिप्टमध्ये `muteHttpExceptions` चालू असेल तर स्क्रिप्ट पडत नाही, त्यामुळे गुगलचा ‘स्क्रिप्ट अयशस्वी’ हा मेलही येत नाही. आम्ही टोकन घेतल्याची तारीख शीटमध्येच ठेवली आहे. पन्नासाव्या दिवशी आठवण येते, आणि 201 सोडून कुठलंही उत्तर आलं की ओळ लाल होते. भरतीतल्या मुलीला एपीआय कळायची गरज नाही, लाल ओळ कळते.

ही व्यवस्था घेणाऱ्यांनी एक गैरसमज आधीच काढून टाकावा. पोस्ट म्हणजे ‘जॉब्स’मधली जाहिरात नव्हे. तिथे शोधणाऱ्या उमेदवाराला ती दिसणार नाही, फीडमध्येच दिसेल. त्यामुळे फिटर-वेल्डरच्या जागांसाठी आम्हाला याचा फारसा उपयोग झाला नाही. क्वालिटी इंजिनिअर, मेंटेनन्स सुपरवायझर, स्टोअर्स अशा पदांना चांगला प्रतिसाद आहे, कारण ती माणसं लिंक्डइनवर असतात आणि एकमेकांना टॅग करतात.

माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग पोस्ट टाकण्याचा नाहीच, काढण्याचा आहे. जागा भरली तरी पोस्ट फिरत राहते, कुणीतरी महिन्याने लाइक करतं आणि फोन सुरू होतात. पोस्ट झाल्यावर उत्तराच्या `x-restli-id` या हेडरमध्ये तिचा क्रमांक येतो, `urn:li:share:` असा सुरू होणारा. तो त्याच ओळीत साठवायचा. स्थिती ‘भरली’ झाली की स्क्रिप्ट त्या क्रमांकाची पोस्ट डिलीट करते. पत्त्यात घालताना त्यातला प्रत्येक `:` `%3A` करावा लागतो, नाहीतर डिलीट होत नाही. क्रमांक जुळवताना ओळीच्या नंबरावर विसंबू नये. कुणी शीट पगारानुसार सॉर्ट केली की भलतीच पोस्ट उडेल. म्हणून प्रत्येक जागेला स्वतःचा कोड दिला आहे.

लिंक्डइनवरून पोस्ट गेली तरी तिचे स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप ग्रुपवर असतातच, त्यांना स्क्रिप्ट हात लावू शकत नाही. त्यामुळे साच्यात अंतिम तारीख आम्ही आता पदाच्या नावाखाली लगेच, दुसऱ्याच ओळीत घेतो.