फुकटची पायथन व्हिडिओमाला, पाच महिन्यांनंतर: पाच तारे मागे घेतोय

पाच महिन्यांपूर्वी या मालिकेला मी पाचही तारे दिले होते. आज तीन करतोय. आवाज स्वच्छ आहे, अक्षरं मोठी आहेत, वेग सोसवतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. माझा राग वीस सेकंदांच्या एका तुकड्यावर आहे.

मागच्या आठवड्यात मला नावांच्या एका यादीतून रिकाम्या नोंदी काढायच्या होत्या. 64 व्हिडिओ पाहून झालेले, त्यामुळे दहा मिनिटांचं काम वाटलं. मालिकेत दाखवल्याप्रमाणे `for` लूप फिरवला आणि रिकामी नोंद आली की `remove` केली. प्रोग्रॅम चालला, एररही आली नाही, पण काही रिकाम्या नोंदी जागच्या जागी. मी रात्री उशिरापर्यंत फाइललाच दोष देत बसलो. शेवटी लूपचा व्हिडिओ पुन्हा उघडला. त्यात सम संख्या काढल्या आहेत:

```python
nums = [1, 2, 3, 4]
for n in nums:
    if n % 2 == 0:
        nums.remove(n)
print(nums)
```

उत्तर `[1, 3]`. पहिल्या वेळी मीही सोबत टाइप केलं होतं, तेच उत्तर आलं आणि मी पुढे गेलो. या वेळी फक्त पहिली ओळ बदलून `[2, 4, 5, 6]` केली. यायला हवं होतं `[5]`, आलं `[4, 5]`.

लूप यादीतल्या जागा मोजत पुढे सरकतो. शून्याव्या जागेवरचा 2 काढला की 4 सरकून त्या जागी येतो. लूप मात्र तोवर पुढच्या जागेकडे निघालेला असतो आणि तिथे आता 5 आहे. 4 तपासलाच जात नाही. व्हिडिओतल्या यादीत दोन सम संख्या शेजारी नव्हत्या, एवढ्यामुळेच तिथे उत्तर बरोबर आलं. माझ्या यादीत रिकाम्या नोंदी लागोपाठ होत्या. नवी यादी बनवली की प्रश्नच राहत नाही:

```python
nums = [n for n in nums if n % 2 != 0]
```

सुरुवातीला मी हे परीक्षण एकच तारा देऊन लिहायला घेतलं होतं. चुकीची पद्धत शिकवली आणि सोयीचे आकडे घेतल्यामुळे ती झाकली गेली, हा दोष त्यांचाच. पण माझ्या वहीत त्या दिवशी ‘लूप समजला’ असं लिहिलेलं सापडलं आणि मला थांबावं लागलं. मी टाइप केलं म्हणजे सराव केला असं धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ती नक्कल होती. एकही निर्णय मी घेतला नव्हता. मान डोलावण्याऐवजी बोटं हलवली, इतकंच.

मग 31वा व्हिडिओ आठवला. त्यात शिकवणाऱ्याची खरीच चूक होते आणि ती शोधायला त्यांना सहा मिनिटं लागतात. ते मध्ये मध्ये `print` टाकून प्रत्येक फेरीत यादी कशी दिसते ते बघतात. तेव्हा मी हा भाग दुप्पट वेगाने पळवला होता आणि ‘कापायला हवा होता’ अशी प्रतिक्रियाही लिहिली होती. ती आता काढून टाकली आहे. माझी रात्र त्या सहा मिनिटांनी वाचली असती. विज्ञानाचे व्हिडिओ बनवणाऱ्या डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठातल्या पीएचडीच्या कामात, जे 2008 साली पूर्ण झालं, भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंबाबत हेच पाहिलं होतं: सरळ, स्वच्छ स्पष्टीकरण विद्यार्थ्यांना सोपं वाटलं, पण त्यांचे गैरसमज फारसे हलले नाहीत, चुकीची कल्पना आधी मांडून मग ती तपासणाऱ्या व्हिडिओंतून विद्यार्थी जास्त शिकले. त्यामुळे नवी मालिका निवडताना मी आता आधी हेच शोधतो की एरर, चुकलेलं उत्तर, विचित्र इनपुट पडद्यावर कुठे येतं का. प्रत्येक प्रोग्रॅम पहिल्याच फटक्यात चालत असेल तर चुका एडिटिंगमध्ये गेल्या आहेत, किंवा उदाहरणंच तशी निवडली आहेत.

पाहण्याची पद्धतही बदलली. शिकवणारे प्रोग्रॅम रन करण्याआधी मी व्हिडिओ थांबवतो आणि काय छापलं जाईल ते कागदावर लिहितो. मग इनपुट बदलतो: रिकामी यादी, एकच घटक, सारखे घटक शेजारी शेजारी. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ बंद ठेवून कोऱ्या फाइलमध्ये तोच प्रोग्रॅम लिहितो. अठरा मिनिटांच्या व्हिडिओला जवळपास तास लागतो आणि पहिल्या आठवड्यात हे फार खुपलं, कारण फुकट मिळतंय म्हणूनच मी ही मालिका निवडली होती. पण पाच महिन्यांच्या संध्याकाळी आधीच गेल्या आहेत आणि तरी एक साधी यादी साफ करता येत नव्हती.

64 पैकी 19 व्हिडिओ असे पुन्हा करून झालेत. त्यातल्या सात ठिकाणी माझं कागदावरचं उत्तर चुकलं आणि त्या सातही विषयांपुढे वहीत ‘समजलं’ लिहिलेलं आहे. तिसरा तारा 31व्या व्हिडिओसाठी आहे. लूपच्या व्हिडिओखाली दुरुस्तीची एक ओळ आली तर चौथा देईन.